प्रगतिपुस्तकात तुटलेलं वाक्य

पाचवी 'ब'चे गणिताचे पेपर तपासता तपासता संध्या हेरेकर एका पेपरावर अडली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पेपर खिडकीच्या उजेडात धरला. चष्म्याचा काही दोष नव्हता. पेपर ईरा देवस्थळीचा होता.

असल्या अक्षराला लोक कोंबडीचे पाय म्हणतात. पण कोंबडीसुद्धा निदान एका दिशेने चालते. ईराचे आकडे निघायचे एकीकडे आणि पोचायचे भलतीकडे. सहा शून्यासारखा, एक सातासारखा, आणि चार कशासारखा ते तिचं तिला ठाऊक. एकक-दशक-शतकांच्या घरांशी तर तिचं पिढीजात वैर असावं. वर्गातली बाकी मुलं समास आखत, उत्तराला चौकट करत, आणि चौकटीत चुकीचं उत्तर लिहीत. ईरा समासातच गणित सोडवायची आणि बरोबर सोडवायची. म्हणूनच तर संध्याचं डोकं फिरायचं. ढ मुलाच्या गिचमिड पेपरावर लाल रेघ ओढून पुढे जाता येतं. हिच्या पेपरात रत्नं होती, फक्त ती उकिरड्यातून हाताने वेचून काढावी लागत.

पाचवा प्रश्न असा होता: सतरा रांगा, एकेका रांगेत अठरा खुर्च्या, त्या नऊ वर्गांत सारख्या वाटायच्या. वर्गाने सतरा गुणिले अठरा हे रीतसर मांडून केलं होतं. ईराने समासात लिहिलं होतं, अठरा अठरे तीनशे चोवीस, त्यातून एक रांग वजा, तीनशे सहा. ही युक्ती संध्याने तिला शिकवलेली नव्हती, कुणीच नव्हती. संध्याचा चेहरा जरा खुलला आणि पुढच्याच ओळीला पडला. कारण त्या तीनशे सहामधल्या सहाला शेंडीच नव्हती. ईराबाईंनी स्वतःच लिहिलेला सहा स्वतःच शून्य वाचला, तीनशेला नवाने भागलं, तेहतीस उत्तर काढलं आणि खाली लिहिलं, तीन खुर्च्या उरल्या.

"उरल्या!" संध्या मोठ्याने म्हणाली. स्टाफरूममध्ये चहा पिणाऱ्या दोघींनी मागे वळून पाहिलं. रीतीचे मार्क तिने दिले, उत्तराचे कापले. कापताना तिला स्वतःचाच राग आला आणि ईराचा त्याहून जास्त आला. असे मार्क त्या पेपरात चार ठिकाणी गेले होते, आणि एकाही ठिकाणी ते गणित न आल्यामुळे गेले नव्हते.

या मुलीवर रागावायचा संध्याला अधिकार होता. शनिवारी सकाळी ती शाळेच्या ग्रंथालयात गणित मंडळ चालवायची. त्याचे पैसे मिळत नसत, कौतुकही नसे. चामराजपेटहून राजाजीनगरपर्यंत सुटीच्या दिवशीही बसने यायचं, एवढंच पदरात पडे. मंडळात मुलं होती पुष्कळ, पण त्यातली बरीचशी आईबापांनी पाठवलेली. आपण होऊन येणारी एकच, ईरा. ती दारातूनच विचारत यायची, मागच्या शनिवारचं कोडं आणखी एका रीतीने सुटतं, सांगू का? इतकी वर्षं फळ्यापुढे उभं राहिल्यावर असं एक पोर मिळतं, आणि ते मिळावं म्हणून शिक्षक उरलेल्या पोरांना माफ करत असतात. संध्या उगाच कुणाला लाडावणारी नव्हती, पण हे ती स्वतःशी कबूल करायची.

पेपर झाले की प्रगतिपुस्तकांचा हंगाम येतो आणि तो परीक्षेपेक्षा वाईट असतो. मार्क भरायचे, हजेरी भरायची, आणि मग वर्गशिक्षिकेने प्रत्येक मुलाबद्दल इंग्रजीत अभिप्राय लिहायचा. शाळेच्या संगणकप्रणालीत तयार वाक्यांची एक पेढीच होती. बोट लावलं की वाक्य हजर. ईरासारख्यांसाठी तिथे एक वाक्य वर्षानुवर्षं पडून होतं: गणितात उत्तम, हस्ताक्षराकडे लक्ष द्यावे. हे वाक्य ईराला पहिलीपासून दर वर्षी मिळालेलं होतं. त्याने हस्ताक्षर सुधारलं नव्हतं आणि गणित बिघडलं नव्हतं, तेव्हा निदान वाक्य निरुपद्रवी आहे असा सगळ्यांचा समज होता.

तो समज ईरानेच मोडला. मधल्या सुटीत ती संध्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. या कानडी शहरातली मराठी घरची मुलगी, त्यामुळे आजूबाजूला कुणी नसलं की संध्याशी मराठीतच बोलायची.

"मॅम, रिपोर्टमध्ये हँडरायटिंगचं नका ना लिहू."

संध्याने विचारलं, का म्हणून नको? खोटं लिहू का?

"बाबा म्हणालेत, या वेळीपण तोच रिमार्क आला तर सॅटर्डेचं मंडळ बंद. त्या वेळात ते माझ्याकडून कर्सिव्ह करून घेणार."

मग नीट लिहायला काय धाड भरते, असं संध्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते जरा सभ्य शब्दांत विचारलं. ईराने त्यावर नीट विचार केला. ती कुठल्याही प्रश्नावर नीट विचार करायची, हाही तिचा एक दोषच होता.

"नीट लिहायला लागले ना, की पुढचं विसरायला होतं. डोक्यात असतं ते पळून जातं."

संध्याने तिला डबा खायला पाठवलं आणि दिवसभर मनाशी चरफडत राहिली. तिला राग होता बापाचा. सुहास देवस्थळी पुण्याहून येऊन इथल्या एका आयटी कंपनीत एचआरमध्ये होता. आई केतकी तशाच दुसऱ्या कंपनीत प्रोग्रॅमिंग करायची. दोघंही शिकलेली, समंजस दिसणारी. आणि पोराच्या हातातून नेमकी तीच गोष्ट काढून घ्यायची जी त्याला आवडते, ही अक्कल शिकलेल्या माणसांनाच कशी सुचते, देव जाणे. पाय मुरगळला म्हणून डोळे बांधायचे, असला तो इलाज.

पण अभिप्रायात खोटं लिहिणं तिला जमणारं नव्हतं. अक्षर खरोखरच भयंकर होतं आणि पुढे ते ईराला भोवणारं होतं. रात्रीच्या जेवणावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. उल्हास पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. ड्रॉइंगवरचा आकडा वाचता आला नाही तर जॉब, म्हणजे घडवलेला भाग, भंगारात जातो, तेव्हा लिहायला हवंच. पण आकडा सुंदर आहे की नाही हे तिथे कुणी विचारत नाही, फक्त दुसऱ्याला तो तोच वाटला पाहिजे. संध्याला ते पटलं. नवऱ्याचं पटलं की ती ते बोलून दाखवत नसे. तिने त्याला आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी तिने तयार वाक्यांची पेढी बंद केली आणि ईरासाठी स्वतः लिहायला बसली. पहिला मसुदा प्राथमिक विभागाच्या समन्वयक प्रेमा मॅडमनी परत पाठवला. प्रेमा मॅडम म्हैसूरकडच्या, वागायला गोड आणि नियमाला पक्क्या. 'निष्काळजी' हा शब्द नकारात्मक आहे, अभिप्रायात नकारात्मक शब्द चालत नाही, असं त्यांनी कळवलं. संध्याने 'घाईत' असा शब्द घातला. मग जागेचा प्रश्न आला. चौकटीत तीनशे अक्षरं मावत, जास्त नाही. शिक्षकाने पोराचं वर्ष तीनशे अक्षरांत बसवायचं. संध्याने विशेषणं काढली, मग चांगुलपणा काढला, आणि शेवटी उरलं ते असं होतं: ईरा गणितात स्वतःच्या रीती शोधते. घाईत लिहिलेले आकडे तिचे तिलाच वाचता येत नाहीत आणि बरोबर आलेले गणित चुकते. चौकटींचा कागद वापरावा, एका ओळीत एकच पायरी लिहावी. शनिवारचे गणित मंडळ यासाठी बंद करणे ही चूक ठरेल.

शेवटचं वाक्य केवळ सुहास देवस्थळीसाठी होतं. ते लिहून झाल्यावर संध्याला फार बरं वाटलं. चौकटीखाली हिरवी खूण उमटली, म्हणजे मजकूर मापात होता. प्रेमा मॅडमनी मंजुरी दिली, मुख्याध्यापिकांची सही झाली आणि सगळी पुस्तकं कुलूपबंद झाली. कुलूपबंद म्हणजे त्यानंतर स्वल्पविरामही हलवता येत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी प्रगतिपुस्तकं पालकांच्या मोबाइलवर गेली. शनिवारी पालकसभा होती, छापील पुस्तकं तिथे मिळायची होती. संध्या घरी भाजी निवडत होती तेवढ्यात सुहास देवस्थळीचा ईमेल आला. आपण सुचवल्याप्रमाणे ईराचं नाव आम्ही गणित मंडळातून काढून घेत आहोत, स्पष्ट सल्ल्याबद्दल आभार.

संध्याने तो दोनदा वाचला. आपण सुचवल्याप्रमाणे? तिने घाईघाईने शाळेचं अ‍ॅप उघडून ईराचं प्रगतिपुस्तक काढलं. अभिप्रायाच्या सुरुवातीला एक वाक्य होतं जे तिने लिहिलेलं नव्हतं: ईरा आमच्या वर्गात असणे ही आमच्यासाठी आनंदाची गोष्ट आहे. हा शाळेचा यंदाचा नवा गोडवा. प्रत्येक मुलाच्या अभिप्रायापुढे ते वाक्य आपोआप लागत होतं, आणि लागत होतं सगळं कुलूपबंद झाल्यावर. छापायच्या जागेचं माप मात्र जुनंच होतं. पुढे गोडवा घुसला तेवढं मागचं खाली पडलं. संध्याचं शेवटचं वाक्य इंग्रजीत जिथे तुटलं होतं, तिथे त्याचा अर्थ एवढाच उरत होता: शनिवारचे गणित मंडळ यासाठी बंद करणे.

पुढे काही नाही. पूर्णविरामसुद्धा नाही.

संध्याने कपाळावर हात मारला. जे होऊ नये म्हणून तिने विशेषणं काढली, चांगुलपणा काढला, तेच तिच्या नावाने, मुख्याध्यापिकांच्या सहीने घडलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यापेक्षा ते पेढीतलं मुर्दाड वाक्य बरं होतं, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल आणखी संताप आला.

शनिवारी ती सभेच्या बरीच आधी शाळेत पोचली आणि थेट प्रेमा मॅडमच्या खोलीत गेली. त्यांना गोष्ट कळलेली होती. एकट्या ईराचं नव्हे, आणखी काही जणांचं शेपूट कापलं गेलं होतं. श्रीहर्ष नावाच्या मुलाबद्दल छापून आलं होतं की तो आनंदी मुलगा असून त्याला आवडते. काय आवडते ते गुलदस्त्यात. त्याच्या घरून काही तक्रार आली का, असं संध्याने विचारलं. आली नव्हती. उलट आईने आभाराचा अंगठा पाठवला होता. म्हणजे इतक्या जणांत अभिप्राय शेवटपर्यंत वाचणारा बाप एकच निघाला, आणि तो हा.

आज नवीन पुस्तक छापून मिळेल का? मिळणार नव्हतं. दुरुस्तीसाठी अर्ज, मग मुख्याध्यापिकांची परवानगी, मग प्रणालीवाल्या कंपनीचा माणूस कुलूप उघडणार, आणि तोवर सुट्या. मग मी हाताने खाली उरलेलं वाक्य लिहिते आणि सही करते, असं संध्या म्हणाली. त्यालाही बंदी होती. छापील पुस्तकावर शिक्षकाने हाताने काही लिहायचं नाही, खाडाखोड धरली जाते. प्रेमा मॅडमना खरंच वाईट वाटत होतं. तोंडी सांगून टाका ना, असं त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, आणि वर, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."

जरा जमवून घ्या. हे सगळं शहर याच एका वाक्यावर चालतं. रिक्षात चौथा बसतो तेव्हा हेच, नळाला पाणी नसतं तेव्हा हेच. संध्या या शहरातच जन्मलेली, तिने आयुष्यभर जमवून घेतलेलं होतं. आज पहिल्यांदाच तिला त्या वाक्याला कुठेतरी डांबून ठेवावंसं वाटलं. ती 'सरी', म्हणजे बरं, एवढंच म्हणून बाहेर पडली.

देवस्थळी कुटुंब आपल्या वेळेला आलं. वर्गात लहान बाकांवर मोठी माणसं अंग चोरून बसली होती, दाराबाहेर पुढच्यांची रांग होती. सुहासच्या हातात फाइल होती आणि फाइलीत चार रेघी वह्यांचा नवाकोरा गठ्ठा. शनिवारच्या वेळेची तजवीज झालेलीसुद्धा होती. केतकी थकलेली दिसत होती. ईरा दोघांच्या मधे बसली आणि तिने संध्याकडे पाहिलं. त्या बघण्यात रडं नव्हतं, तक्रारही नव्हती. विश्वासाने सांगितलेली गोष्ट मोठ्या माणसाने चव्हाट्यावर मांडली की मुलं जशी बघतात तसं ते बघणं होतं. संध्याला ते फार लागलं. बापाच्या आधी तिला त्या पोरीला सांगायचं होतं की मी नाही गं तसं लिहिलं.

तिने वेळ न घालवता सांगितलं. वाक्य अर्धं छापलं गेलंय, पुढे 'ही चूक ठरेल' असं होतं. सुहासने शांतपणे ऐकलं, पण त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याचा विश्वास बसलेला नाही. मंडळ बाईंचं स्वतःचं, त्यातली हुशार मुलगी गेली, आता त्या शब्द फिरवताहेत, असंच कुणालाही वाटलं असतं. संध्याने प्रणालीतला आपला मूळ मजकूर मोबाइलवर उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने तो शेवटपर्यंत वाचला. या माणसाची तेवढी एक गोष्ट चांगली होती, तो शेवटपर्यंत वाचायचा.

"ओके," तो म्हणाला. "सॉरी मॅडम, मी असूम केलं. पण अक्षराचा इश्यू तर खराच आहे ना? तुम्हीच लिहिलंय."

"खराच आहे," संध्या म्हणाली. "माझे डोळे जायची वेळ आलीय हो तुमच्या मुलीपायी."

तिने ईराचा पेपर काढून खुर्च्यांचं गणित दाखवलं. समासातली युक्ती दाखवली, शेंडी नसलेला सहा दाखवला, खालच्या ओळीतला शून्य दाखवला. केतकीला ते एका क्षणात कळलं आणि ती हसली. ईराने पेपर ओढून घेतला आणि नाक मुरडलं. तीन खुर्च्या उरल्या तेव्हाच मला विचित्र वाटलं होतं, असं ती म्हणाली. वाटलं होतं तर मागे वळून पाहायचं होतं, असं संध्या तिला म्हणाली, आणि ते जरा जोरातच निघालं. मग तिने काय करायचं ते सांगितलं. चौकटींची वही, एका चौकटीत एक आकडा. एका ओळीत एक पायरी. सहाची शेंडी आणि साताची मान ओळखू येईल अशी. शेवटी उत्तर एकदा प्रश्नाशी ताडून पाहायचं. बस्स.

"आणि कर्सिव्ह?"

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही. वळणदार अक्षराने हा सहा सुटला नसता. तुम्ही तिला अक्षर काढायला बसवाल, ती गणित करायचं सोडून देईल. तिने मला सांगितलंय, नीट लिहायला गेलं की डोक्यातलं पळतं म्हणून."

सुहासने वह्यांचा गठ्ठा फाइलीत सारखा केला. बाहेर कुणीतरी घड्याळ बघत खाकरलं. संध्याला वाटलं, आता हा शिस्तीवर बोलणार, आणि आपला आवाज चढणार. पण तो बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

"मॅडम, ती जे करते ना, त्यातलं मला काही कळत नाही. आत्ता तुम्ही दाखवलंत, अठरा अठरे वगैरे, ते केतकीला कळलं, मला नाही. मी गणितात कच्चाच होतो. ती कोडं घेऊन आईकडे जाते. माझ्याकडे येते चार्जर कुठेय विचारायला. अक्षर तेवढं माझं चांगलं आहे. शाळेत प्राइझ मिळायचं. मला येतं आणि तिला येत नाही असं तेवढं एकच आहे, म्हणून म्हटलं, तेवढं तरी मी शिकवीन."

केतकी नवऱ्याकडे बघत राहिली. हे तिने घरी ऐकलेलं नसावं. संध्याचा राग उतरला, आणि उतरला याचाही तिला जरा राग आला, कारण इतके दिवस तिने तो चांगला जोपासला होता. बापाला पोरीजवळ बसायचं होतं आणि बसायला त्याला एकच पाट सापडला होता, तो तिच्या पायाखालचा. यात दुष्टपणा नव्हता. पण दुष्टपणा नसला म्हणून शनिवार वाचत नाही.

तिने प्रगतिपुस्तक उघडून शेवटचं पान त्याच्यापुढे सरकवलं. तिथे एक चौकट असते, पालकांचा अभिप्राय. बहुतेक जण तिथे 'समाधानकारक' असं लिहून सही ठोकतात. त्या चौकटीत मात्र हातानेच लिहायचं असतं, आणि तिथे काय लिहावं यावर शाळेचा कसलाही नियम नाही. मला हाताने लिहायची बंदी आहे, तुम्हाला नाही, असं संध्याने त्याला सांगितलं. हे पुस्तक पुढच्या वर्षी सहावीच्या शिक्षिकेकडे जाईल, आणि त्या बाईंनी अर्धं वाक्य वाचून काही ठरवू नये असं वाटत असेल तर माझं वाक्य तिथे पुरं लिहा. चौकटींचा कागद, एक पायरी, सगळं.

सुहासने खिशातून पेन काढलं. रांगेतल्या लोकांनी सुस्कारे सोडले. तो मान खाली घालून इंग्रजीत लिहू लागला आणि संध्या बघतच राहिली. अक्षर खरोखर मोत्यासारखं होतं. प्रत्येक अक्षर एका उंचीचं, दोन शब्दांमधली जागा मोजून ठेवल्यासारखी. फक्त ते येत होतं थेंब थेंब. एक शब्द झाला की तो पेन जरा वर उचलायचा, झालेल्या शब्दाकडे बघायचा, मग पुढच्याला हात घालायचा. चौकटींच्या कागदापर्यंत पोचायलाच बराच वेळ गेला. दारातला एक गृहस्थ आत डोकावून गेला. प्रेमा मॅडम येऊन भुवया उंचावून गेल्या.

ईरा बाकावर पुढे झुकून बापाच्या पेनाकडे बघत होती. एखादं कोडं पुढ्यात आलं की ती अशीच बघायची.

"बाबा, तुम्ही एक्झाममध्येपण असंच लिहायचात?"

"हो तर," तो न थांबता म्हणाला. "म्हणून तर प्राइझ."

"गणिताचा पेपरपण?"

"सगळेच."

"मग तो पुरा व्हायचा?"

पेन थांबलं. सुहासने मान वर केली नाही. केतकीने मुलीच्या दंडावर हात ठेवला, पण ईराला त्यात गैर काही वाटत नव्हतं. ती हिशोब करत होती, बाकी काही नाही.

"नाही," तो म्हणाला. "शेवटचे दोन-तीन प्रश्न राहायचे. वेळ संपायचा."

"दर वेळी?"

"दर वेळी."

ईराने थोडा विचार केला. "मग तुम्हाला ते येत होते की नव्हते, हे कसं कळलं?"

वर्गात बाकीच्या बाकांवर बोलणं चालू होतं, बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं. संध्याला काहीतरी बोलून हा क्षण बुजवावासा वाटला. शिक्षकाला ती सवयच असते. पण तिने जीभ आवरली. सुहास देवस्थळी आपल्या हातच्या त्या देखण्या ओळींकडे बघत होता. चाळिशी आलेला माणूस, आणि आपण गणितात कच्चे आहोत हे त्याने इतकी वर्षं मार्कांच्या कागदावरून खरं मानलं होतं.

"नाही कळलं," तो म्हणाला.

मग त्याने संध्याकडे न बघता शेवटची ओळ लिहायला घेतली. शनिवारचे गणित मंडळ बंद करणे ही चूक ठरेल. ती त्याने भराभर लिहिली, मधे कुठेही पेन न उचलता, आणि ती पुरी झाली.